गळ्याशी येतं ते

तुळशीचं लग्न लागलं की पेडण्या-डिचोलीत माणसांच्या लग्नांनाही मोकळीक मिळते, आणि माझ्या टेबलावर बंदगळ्यांची थप्पी साचते. एवढ्या वर्षांत त्यांनी मला जे शिकवलं, ते थोडंफार इथे मांडतो.

१. बंदगळ्यात लपायला जागा नसते. साध्या कोटाला लॅपेल असतो, टाय असतो. बघणाऱ्याची नजर तिकडे जाते आणि गळ्यामागची गडबड खपून जाते. इथे मात्र पोटापासून हनुवटीपर्यंत सलग कापड. म्हणून ट्रायलला मी बाह्यांची घाई करत नाही. पुढा, पाठ आणि कॉलर कच्च्या टाक्यांवर जोडून आधी गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवतो. तिथे जे बसलं नाही, ते पुढे इस्त्रीनेही बसत नाही.

२. गळ्याचं माप साडेपंधरा इंच निघालं, अर्धा इंच सैल ठेवला, की १६ इंचाची सरळ पट्टी लावायची आणि कॉलर तयार, असं वाटतं. पण मान वर जाते तशी बारीक होते आणि सरळ पट्टीची वरची कड मानेपासून सुटून उभी राहते. त्यासाठी पट्टीची पुढची दोन्ही टोकं कापतानाच पाऊण इंच वर वळवायची. मग वरची कड खालच्यापेक्षा आखूड होते आणि मानेला धरून बसते. आतला कॅनव्हास उरेब कापला तर तो मोडत नाही, वळतो. आणि माप घ्यायचं ते आत घालायचा सदरा अंगावर ठेवून. सदऱ्याला कॉलर असेल तर सगळं गणित बदलतं, आणि हे सांगायचं नेमकं सगळेच विसरतात.

३. गिऱ्हाईक सांगतं ते दुखणं खरं असतं, औषध मात्र बहुधा वेगळं असतं. डिचोलीचा एक मुलगा, दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारा. ट्रायलला म्हणाला, "काका, पुढे गळा आवळतोय, कॉलर सैल करा." मागे पाहिलं तर मान आणि कॉलर यांच्यात बोट जाईल एवढी फट. पाठीची खालची कड वर उचललेली, पुढची दोन्ही पल्लं खाली एकमेकांवर चढलेली. कॉलर लहान नव्हतीच. वाकलेल्या पाठीला कापड कमी पडत होतं. खांद्याची शिवण उसवून पाठीला राखलेलं जादा कापड अर्धा इंच सोडलं, पुढचा गळा किंचित खाली उतरवला. फट मिटली, आवळणंही गेलं. कॉलरचं माप मात्र बदललंच नव्हतं. तो आरशात बघून म्हणाला, "आता सैल केलीत तशी बरी वाटते." मी मान डोलावली.

४. आपल्या पावसाळ्यापुढे कुणाची हुशारी चालत नाही. इस्त्रीने चिकटवायचा कॅनव्हास झटपट होतो, पण दमट हवा आणि ड्रायक्लीनिंग मिळून त्याचा गोंद जागोजागी सुटला की छातीवर फुगे येतात, आणि ते लपवायला इथे लॅपेल नाही. म्हणून छातीचा कॅनव्हास मी शिवूनच लावतो, आणि त्याआधी तो पाण्यात भिजवून, वाळवून घेतो. आटायचा तो कापण्याआधीच आटतो. मग छातीचे थर डाव्या हातावर गोलसर धरून तिरक्या टाक्यांनी एकमेकांना जोडायचे. सपाट टेबलावर हेच टाके घातले तर छाती पाटीसारखी सपाट होते. तयार कोटाचं कापड चिमटीत धरून चोळा: आत एक थर मोकळा सरकताना जाणवला, तर कॅनव्हास शिवलेला आहे.

५. पुढची कड सरळ दिसते, कारण तिला सरळ राहायला भाग पाडलेलं असतं. कडेला आतून सुती फीत जराशी ओढून लावली नाही, तर कापड हळूहळू सैल पडून कडेला लाटा येतात. डावं पल्लं उजव्यावर पाऊण इंच चढतं, पण कॉलरची टोकं एकमेकांवर चढत नाहीत, मध्यरेषेवर समोरासमोर भेटतात. एक खांदा उतरता असेल, आणि पुष्कळांचा असतो, तर एक टोक दोऱ्याएवढं वर राहतं. तेवढं लांबूनही दिसतं. म्हणून हूक लावण्याआधी गिऱ्हाइकाला उभं करतो, बसवतो, मान डावी-उजवीकडे वळवायला लावतो. पोरं हसतात. हसू देत, मांडवात चार तास बसायचंय त्यांना.

६. कौतुक कशाचं होईल, ते आपल्या हातात नसतं. कॅनव्हासवर दोन दिवस घालवावेत, खांदा पुन्हा उसवावा, आणि लग्नानंतर नवरदेवाचे मामा दुकानात येऊन विचारतात, "बटणं झकास आहेत हो, कुठली?" मी खरं ते सांगतो. म्हापशाच्या बाजारातली.