गव्हाण आधी, गोठा नंतर

यंदा घरी मुलांबरोबर गोठा करायचा आहे. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी पाच. दोन वर्षं तयार मूर्ती आणल्या, पण मुलांनी चार दिवसांत त्यांच्याकडे पाहणंही सोडलं. मातीच्या करता येतील का? किती दिवस आधी सुरुवात करावी?
— एक आई, वसई

मातीच्याच करा, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात करा. बहुतेक घरांत आधी गोठा उभा राहतो आणि मग त्यात मावतील अशा मूर्ती शोधल्या जातात. मी उलट सांगते. आधी गव्हाण करा. लूकच्या शुभवर्तमानात देवदूत मेंढपाळांना जी खूण देतो ती गोठ्याची नाही. बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलेलं बाळ, एवढीच ती खूण. गोठा हा शब्दही तिथे नाही. जनावरांच्या वैरणीची जागा म्हणजे गव्हाण, तिच्यावरून आपण गोठा ओळखला.

सामान थोडंच लागतं: दोन किलो शाडू, बुटांचा एक खोका, आइस्क्रीमच्या काड्या, मूठभर पेंढा, जुन्या कपड्यांच्या चिंध्या, पोस्टर रंग आणि पाव वाटी नाचणी. मापासाठी एकच आकडा धरा. उभा योसेफ १२ सेंटिमीटरचा, म्हणजे बाळ साडेतीन-चार सेंटिमीटरचं. बाकीचं सगळं या दोघांवरून ठरतं.

*पायरी १. रिकामी गव्हाण.* काड्यांची पाच सेंटिमीटर लांबीची छोटी पेटी करून ती टेबलावर ठेवा. आगमनकाळात रोज रात्री प्रत्येक मुलाने आपण दिवसभरात केलेली एखादी चांगली गोष्ट आठवून पेंढ्याची एक काडी त्यात ठेवावी. पाच वर्षांच्या मुलीला ‘वाट पाहणं’ यापेक्षा सोप्या रीतीने सांगता येत नाही.

*पायरी २. शंकूतून माणूस.* मुलं आधी पाय करायला जातात आणि मूर्ती कोसळते. पाय करूच नका. मातीचा शंकू हाच झगा. खालून अंगठा घालून तो आतून पोकळ करा. भरीव मूर्ती बाहेरून सुकते, आत ओली राहते, आणि तिसऱ्या दिवशी पाठीवर उभी भेग पडते. डोकं वेगळं करा. जोडायच्या दोन्ही जागा टाचणीने खरवडा, त्यावर मातीची पातळ राड लावा आणि मग दाबा. नुसतं चिकटवलेलं डोकं सुकताना गळून पडतं.

*पायरी ३. सावलीतलं सुकणं.* मूर्ती उन्हात ठेवू नका. चार-पाच दिवस सावलीत, वर हलकं फडकं टाकून सुकू द्या. सुकली का हे पाहायचं तर मूर्ती गालाला लावा. गार लागली तर आत ओल आहे. ही तपासणी मुलांवर सोपवा. बारीक भेग पडलीच तर राड बोटाने भरून पुन्हा एक दिवस थांबा, आणि रंग त्यानंतरच द्या.

*पायरी ४. खोका आडवा.* खोका लांब बाजूवर उभा केला की उघडं तोंड समोर येतं. साधारण ३० सेंटिमीटर रुंद आणि १८ सेंटिमीटर उंच जागा मिळते. १२ सेंटिमीटरच्या योसेफाला ती पुरते. वर पेंढ्याचं छप्पर चिकटवा. जवळपास मेणबत्ती अजिबात नको, कारण सुका पेंढा क्षणात पेटतो. बॅटरीवरची एलईडी माळ खोक्याच्या मागून भोक पाडून आत घ्या.

*पायरी ५. हिरवं शेत.* १४ डिसेंबरच्या सुमारास नाचणी रात्रभर भिजवून ताटलीत दोन सेंटिमीटर चाळलेल्या मातीवर दाट पसरा. मोड फुटेपर्यंत ओल्या कापडाने झाका, मग उजेडात आणा. अंधारात विसरलात तर रोपं लांबुडकी, पिवळी होतात. मोडांभोवती पांढरी लव दिसली की अनेक जण बुरशी समजून सगळं फेकतात. पाणी शिंपडा. लव अंगाला चिकटून दिसेनाशी झाली तर ती मुळं आहेत, जाळ्यासारखी राहिली आणि कुबट वास आला तर बुरशी. ही ताटली मूर्तींपासून हातभर दूर ठेवा. एका वर्षी मी मेंढ्या थेट त्या हिरवळीत चरायला सोडल्या होत्या. नाताळच्या सकाळी त्यांचे पाय विरघळून चिखल झाला होता, आणि ज्या मुलाने त्या केल्या होत्या त्याचं रडणं मला अजून आठवतं. कच्च्या शाडूला ओल चालत नाही.

कोणती मूर्ती कशासाठी, हे मुलांना काय सांगायचं? धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलाने विचारलं, बैल आणि गाढव बायबलमध्ये कुठे आहेत? मला उत्तर देता आलं नाही.
— एक शिक्षिका, नाशिक

त्या मुलाचं वाचन पक्कं आहे. जन्माच्या प्रसंगात ही जनावरं मत्तयातही नाहीत आणि लूकमध्येही नाहीत. ती आली यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून. बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव आपल्या मालकाची गव्हाण ओळखतं, पण माझे लोक मला ओळखत नाहीत, अशी देवाची तक्रार तिथे आहे. जुन्या ख्रिस्ती लोकांनी ‘गव्हाण’ या शब्दावरून दोन्ही जागा जोडल्या. चौथ्या शतकातल्या दगडी शवपेट्यांवर कधी कधी मरिया आणि योसेफही दिसत नाहीत, पण बाळाजवळ बैल आणि गाढव असतात. १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने नाताळच्या रात्री गव्हाण मांडली, तेव्हाही पेंढा, खरा बैल आणि खरं गाढव आणवलं होतं. म्हणून ही दोन जनावरं करताना त्यांची तोंडं गव्हाणीकडे वळवा. ती ओळखणारी आहेत, आणि तोंड दुसरीकडे असेल तर त्यांचा अर्थच जातो.

हाच नियम बाकीच्यांना लावा. मरिया गुडघ्यांवर, निळी ओढणी घेतलेली. निळा हा आभाळाचा रंग. योसेफाच्या हातात कंदील द्या. शुभवर्तमानात त्याच्या तोंडी एकही शब्द नाही, तो फक्त करतो आणि सांभाळतो. मेंढपाळ रात्री जागे होते म्हणून बातमी आधी त्यांना कळली. आपल्या मुलांना धनगर ओळखीचे, तर त्यांच्या खांद्यावर जुन्या कांबळ्याचा तुकडा घोंगडी म्हणून टाका. बाळाचे हात मात्र उघडे ठेवा, कारण ते सर्वांना घेणारे हात आहेत.

तीन राजे पहिल्या दिवसापासून ठेवावेत का? आमच्याकडे यावरून दरवर्षी वाद होतो.
— एक आजोबा, पुणे

गोठ्यात नकोत, पण घरात असू द्या. मत्तयाच्या वर्णनात हे पूर्वेकडचे ज्ञानी लोक तारा पाहून लांबून येतात आणि बाळाला घरात भेटतात. त्यांची संख्या तिथे दिलेली नाही. सोनं, ऊद आणि गंधरस अशा तीन भेटी, म्हणून परंपरेने तिघं मानले. सोनं राजासाठी, ऊद देवासाठी, आणि गंधरस मृतदेहाला लावायचा, म्हणून तो क्रूसाची आठवण. नाताळच्या दिवशी त्यांना खोलीच्या पूर्वेच्या खिडकीत ठेवा आणि नातवंडांनी रोज वीतभर पुढे सरकवावं. ६ जानेवारीला, किंवा तुमच्या चर्चमध्ये ज्या रविवारी तीन राजांचा सण होईल त्या दिवशी, ते गव्हाणीपाशी पोचतील.

बाळाबद्दलही तेच. २४ तारखेच्या मिस्सेहून परत येईपर्यंत गव्हाणीत फक्त पेंढा असू द्या. घरातल्या सर्वांत लहान मुलाने बाळ ठेवावं. त्यासाठी झोपलेल्या नातवाला उठवावं लागलं तरी उठवा.

सण संपल्यावर ज्या मूर्ती फुटल्या असतील त्या बादलीत भिजवा, वरचा रंग खरवडून माती गाळा आणि झाकून ठेवा. पुढच्या डिसेंबरला तीच माती मळता येते. नाचणीची हिरवी रोपं शेजारच्या गाईला घाला.