मिथिला शैलीतील व्यक्तिचित्र : बाबासाहेबांच्या एका चित्राची घडण

आपल्या वसतिगृहाच्या अभ्यासिकेत लावण्यासाठी बाबासाहेबांचे एक चित्र विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावे, असे कलाविभागात ठरले, तेव्हा ते छायाचित्राची हुबेहूब नक्कल नसावे, एवढेच आम्ही आधी निश्चित केले. अनेक विचारांती बिहारच्या मिथिला प्रांतातील चित्रशैली निवडली. ठळक काळी रेषा, बदामाच्या आकाराचे विशाल डोळे, छायाप्रकाश न दाखविता सपाट भरलेले रंग आणि रिकामी जागा न सोडणारी नक्षीदार पार्श्वभूमी ही या शैलीची ओळख. हिलाच आपण मधुबनी चित्रकला म्हणतो. हे काम करताना जे जमले, जे बिघडले आणि जे पुन्हा करावे लागले, ते येथे मांडीत आहोत.

प्रथम शैलीविषयी थोडे. मिथिलेतील स्त्रिया घराच्या मातीच्या भिंतींवर, विशेषतः विवाहप्रसंगी, ही चित्रे काढीत. ती कागदावर आली, त्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. 1966-67 च्या सुमारास बिहारमध्ये भीषण दुष्काळ पडला, तेव्हा अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या वतीने चित्रकार भास्कर कुलकर्णी मधुबनी परिसरात गेले. भिंतीवरचे चित्र कागदावर उतरले तर ते विकता येईल आणि घरात चार पैसे येतील, या हेतूने त्यांनी तेथील स्त्रियांना कागद दिले. पुढे वारली चित्रकलेकडे जगाचे लक्ष वेधण्यातही त्यांचा हात होता.

मात्र ही कला सर्वांची सारखी नव्हती. रंग दाट भरण्याची 'भरनी' पद्धत ब्राह्मण स्त्रियांची, बारीक रेघांनी आकार भरण्याची 'कचनी' कायस्थ स्त्रियांची, अशी विभागणी रूढ होती. आरंभीच्या नावलौकिकात दलित स्त्रिया दिसत नाहीत. सत्तरच्या दशकात जितवारपूरच्या दुसाध समाजातील चानो देवी आणि त्यांच्या सोबतिणी चित्रे काढू लागल्या, तेव्हा त्यांनी वरच्या जातींच्या देवदेवतांची नक्कल केली नाही. आपल्या अंगावरचे गोंदण त्यांनी कागदावर आणले आणि आपल्या समाजाचा लोकनायक राजा सलहेस याची कथा रंगविली. कागदाला गाळलेल्या शेणपाण्याचा हात द्यायचा आणि त्या फिकट तपकिरी जमिनीवर बारीक आकृत्यांच्या ओळीच ओळी मांडायच्या, ही 'गोदना' पद्धत. याच पद्धतीचे चित्रकार शांती देवी व शिवन पासवान यांना 2024 साली पद्मश्री मिळाली. आमच्या चित्रात चेहरा भरनीचा आणि किनार गोदन्याची घ्यावी, हे आम्ही या इतिहासामुळेच ठरविले.

आता प्रत्यक्ष काम. कागद 22 बाय 30 इंचांचा जाड हातकागद. छायाचित्र समोरून घेतलेले, चष्मा स्पष्ट दिसणारे. मिथिला शैलीत चेहरा बहुधा बाजूने दाखवितात व त्यावर डोळा मात्र समोरून पाहिल्यासारखा पूर्ण काढतात. पण बाजूच्या चेहऱ्यावर चष्म्याची एकच काच येते, म्हणून आम्ही समोरचा चेहरा घेतला.

छायाचित्रावर पारदर्शक कागद ठेवून मुलांना सांगितले की, सावली विसरा, फक्त कडा घ्या. केसांची मागे सरलेली रेषा, कपाळ, चष्मा, नाक, मिटलेले ओठ, भरीव हनुवटी, कान आणि कोटाची कॉलर, एवढेच. पहिल्या दिवशी बहुतेकांनी गालावरची सावलीदेखील रेषेने काढली. अशी रेषा ठळक काळ्यात येते तेव्हा ती सावली राहत नाही, गालावरचा व्रण होते. सावलीची प्रत्येक रेषा खोडल्यावर चेहऱ्यात उणीपुरी दहाबारा वळणे उरली.

मग प्रश्न असा आला की, डोळे मोठे केले तर बाबासाहेब ओळखू येतील का? आम्ही एक साधी परीक्षा घेतली. रेखाटनावर डोळ्यांच्या जागी कागदाची पट्टी ठेवली आणि इयत्ता पाचवीच्या मुलांना दाखविले. एकालाही क्षणभर अडले नाही. कपाळाची उंची, केसांची रेषा आणि हनुवटीची रुंदी यांतच साम्य होते. याचा अर्थ, या तिन्हींना धक्का न लावता डोळे बदलता येतात. उलट, एका मुलाने शोभेसाठी कपाळावर केस थोडे खाली ओढले होते. त्याचे डोळे छायाचित्राबरहुकूम असूनही चेहरा परका दिसत होता.

छायाचित्रावर एक सेंटिमीटरचे आणि मोठ्या कागदावर चार सेंटिमीटरचे चौकोन आखून रेखाटन चौपट केले. चेहऱ्याची रुंदी 20 सेंटिमीटर आली. माणसाचा चेहरा साधारणपणे पाच डोळ्यांइतका रुंद असतो, म्हणजे खरा डोळा 4 सेंटिमीटरचा आणि दोन डोळ्यांमधील अंतरही तेवढेच. पहिल्या प्रयत्नात मुलांनी उत्साहाने डोळा दुप्पट, 8 सेंटिमीटरचा केला. डोळ्यांचे मध्यबिंदू एकमेकांपासून 8 सेंटिमीटरवरच होते, त्यामुळे दोन्ही डोळे नाकावर एकमेकांना भिडले आणि चष्म्याला जागाच उरली नाही. दुसऱ्या वेळी मध्यबिंदू तेच ठेवून डोळा 6 सेंटिमीटरचा घेतला. आता दोन डोळ्यांमध्ये 2 सेंटिमीटर उरले. प्रत्येक काच 7 सेंटिमीटर व्यासाची काढली, मधला दांडा 1 सेंटिमीटरचा झाला आणि कडेला अडीच सेंटिमीटर गाल राहिला. हिशेब जुळला. मध्यबिंदू न हलविणे हे यातले मर्म होय. डोळा कितीही मोठा केला, तरी त्याची जागा सरकली की माणूस बदलतो.

डोळ्याची उंची अडीच सेंटिमीटर आणि बुबुळ दोन सेंटिमीटरचे घेतले. येथे आणखी एक चूक झाली, आणि ती सर्वांनी लक्षात ठेवावी अशी आहे. बुबुळ डोळ्याच्या बरोबर मध्यात, चारही बाजूंनी पांढरे सोडून काढले गेले. लांबून पाहताच चेहरा भयभीत वाटू लागला. बुबुळ वरच्या पापणीला टेकविले आणि खाली थोडेसे पांढरे ठेवले, तेव्हा दृष्टी स्थिर झाली. चष्म्याची रेषा डोळ्याच्या रेषेइतकीच जाड असेल तर घुबडाचा भास होतो. म्हणून डोळ्याची कड जाड आणि चष्म्याची एकेरी, बारीक केली.

बाकी आकारांच्या कडा मिथिलेच्या रीतीने दुहेरी काढल्या. दोन समांतर रेषा आणि त्यांमध्ये बारीक तिरप्या रेघा. काळा रंग आम्ही दिव्याच्या काजळीत बाभळीचा डिंक मिसळून केला. डिंक कमी पडला तर वाळल्यावर बोट फिरविताच काजळी निघून येते आणि जास्त झाला तर रेषा चकाकते व तडकते. कोपऱ्यात एक रेघ ओढून, पूर्ण वाळू देऊन, बोटाने घासून पाहावे. तयार शाई वापरणाऱ्यांनी ती पाण्याने न विरघळणारी घ्यावी, नाहीतर पिवळ्या रंगाचा कुंचला लागताच शाई सुटते आणि कडेला मळकट हिरवा डाग पडतो.

रंगाच्या वेळी जे घडले, त्याने आम्हा शिक्षकांनाही थांबविले. मुलांनी चेहऱ्यासाठी फिकट गुलाबी रंग कालविला. विचारले तर उत्तर आले, "सर, पेटीतल्या खडूवर 'त्वचेचा रंग' असंच लिहिलंय." सावल्या नसलेल्या चित्रात चेहऱ्याचा रंग एकच आणि सपाट असतो. त्यामुळे तो कोणता, हे चित्रकाराला उघडपणे ठरवावे लागते. छटांमध्ये लपण्याची सोय नसते. आम्ही मुलांना आपापला हात कागदाशेजारी धरावयास सांगितले आणि गेरू, पिवळी माती व किंचित काजळी यांचे मिश्रण त्या हातांशी जुळेपर्यंत करवून घेतले. चेहरा त्या रंगाने भरला. कोट निळा. निळ्या रंगाचे क्षेत्र मोठे असल्याने सगळा रंग एकाच वाडग्यात एकदाच कालवावा. दुसऱ्यांदा कालविलेला निळा पहिल्याशी कधीच जुळत नाही आणि कोटावर जोड दिसतो.

सर्वांत अवघड ठरली ती पार्श्वभूमी. जागा रिकामी ठेवता येत नाही, पण नक्षीचे आकार डोळ्यांएवढे झाले तर ते चेहरा गिळतात. प्रथम आम्ही डोक्याभोवती रुंद पट्टा सोडून त्यात बारीक किरणरेषा भरल्या. चेहरा उठून दिसला खरा, पण चित्र पाहावयास आलेल्या एका माजी विद्यार्थिनीने विचारले, "तुम्ही बाबासाहेबांना देव केलंत का?" ते प्रभामंडळच झाले होते. राजकारणातील विभूतिपूजेविरुद्ध 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत निक्षून बजावणाऱ्या पुरुषाच्या डोक्यामागे आम्ही नकळत तेजोवलय काढले होते. हा दोष शैलीचा नव्हता. ती देवांसाठी घडलेली होती आणि तिची सवय आम्ही विचार न करता उचलली होती.

तो कागद बाजूला ठेवून सारे पुन्हा केले. या वेळी डोक्यामागे पुस्तकांची फळी काढली. ग्रंथांसाठी दादरला राजगृह बांधणाऱ्या माणसामागे ग्रंथच असावेत. पुस्तकांच्या उभ्या कण्यांवर प्रत्येकी वेगळी नक्षी आली: ठिपके, नागमोडी रेघ, पिंपळपान, तिरप्या रेघा. कोणत्याही कण्याची रुंदी दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त ठेवली नाही, आणि डोक्यालगतचे कणे फिकट पिवळे घेतले. उभ्या सरळ रेषांपुढे डोक्याचे वळण आपोआप उठून आले, किरणांची गरज राहिली नाही. विवाहाच्या कोहबर चित्रातील कमळ, बांबू आणि मासे आम्ही घेतले नाहीत, कारण त्यांचा अर्थ वंशवृद्धीशी बांधलेला आहे.

किनारीसाठी चार सेंटिमीटरची पट्टी शेणपाण्याने रंगवून घेतली. तीवर गोदना पद्धतीने काय मांडावे, याचा विचार चालू असता एका मुलीने आपल्या आजीच्या मनगटावरील गोंदणाची नक्कल वहीत काढून आणली. पाच ठिपके, मध्ये एक फुली, दोन्ही बाजूंना लहान चंद्रकोर. दुसऱ्या दिवशी आणखी सातआठ वह्या आल्या. त्या साऱ्या खुणा किनारीत ओळीने बसविल्या. त्या कुणाच्या आजींच्या आहेत, हे किनारीत कोठेही लिहिलेले नाही, पण मुले बोट ठेवून सांगतात.

चित्राला काच लावताना कागद व काच यांमध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट ठेवली आहे, म्हणजे पावसाळ्यात डिंकाचा रंग काचेला चिकटणार नाही. कण्यांचा पिवळा हळदीचा असल्याने तो उन्हात लवकर उडतो. म्हणून चित्र अभ्यासिकेच्या उत्तरेकडील भिंतीवर, खिडकीपासून दूर लावले आहे.