‘कद्र’च्या शेवटचा ‘रा’

चि. भाचीस,


नूरानी कायदा संपवून छोट्या सूरहांकडे वळलेल्या मुलांनी कलकला आणि ‘रा’चे नियम सूरह कद्रमध्ये शोधावेत. तिच्या पाच आयती अनुक्रमे कद्र, कद्र, शह्र, अम्र, फज्र या शब्दांवर संपतात. पाचही ठिकाणी शेवटी ‘रा’ आहे, आणि तीन ठिकाणी त्याच्या आधी कलकल्याचं अक्षर.

ती अक्षरं पाचच: क़ाफ, जाड ता, बा, जीम आणि दाल. त्यांच्यावर जज्म आला की श्वासही कोंडतो आणि आवाजही. जीभ किंवा ओठ तसेच मिटलेले राहिले तर अक्षर ऐकूच येणार नाही, म्हणून ते झटकन सुटतात आणि छोटासा नाद उमटतो. वक्फ करताना हे अक्षर शेवटी असेल, जसं सूरह इख्लासमधल्या ‘अहद’ किंवा ‘समद’मध्ये, तर नाद ठळक, शब्दाच्या मध्ये असेल तर हलका.

या नादात स्वर मिसळता कामा नये. मराठी बोलणाऱ्या मुलांच्या तोंडून ‘कद्र’चं ‘कदर’ पटकन होतं. हनुवटीखाली हात धरून म्हणावं: ‘क़’ला हनुवटी एकदा खाली येते, दालवर ती पुन्हा उघडली, तर तिथे जबर शिरला आहे.

आता ‘रा’. जबर किंवा पेश असेल तर तो पुर, म्हणजे जिभेची मागची बाजू उचलून, भरदार. जेर असेल तर बारीक. ‘रा’वरच जज्म असेल, तर आधीच्या अक्षराकडे पाहायचं, आणि तिथेही जज्म असेल तर आणखी एक पाऊल मागे.

‘कद्र’मध्ये हेच करावं लागतं. न थांबता पुढे वाचलं तर ‘रा’ला जेर आहे, म्हणून बारीक. थांबलं की जेर गळतो, दालवर आधीच जज्म आहे, त्यामागे क़ाफवर जबर. म्हणून ‘रा’ पुर. पाचही आयतींचा शेवट थांबल्यावर असाच पुर होतो. पुर करायचा म्हणून ओठ गोल करू नयेत, आणि जिभेचं टोक पुन्हा पुन्हा थरथरवू नये. ही खोड एकदा लागली की मोडायला फार जड जाते.

उलट उदाहरण सूरह फज्रच्या पाचव्या आयतीच्या शेवटी सापडतं: ‘हिज्र’. इथेही जीमचा हलका कलकला आहे, पण त्यामागे ‘हा’ या अक्षराला जेर, म्हणून ‘रा’ बारीक. त्याच सूरहमधल्या ‘मिर्साद’मध्ये मात्र आधी जेर असूनही ‘रा’ पुरच, कारण लगेच पुढे त्याच शब्दात जाड साद येतो. ‘फिरऔन’मध्ये पुढे ऐन आहे, तो जाड अक्षरांत मोडत नाही, तिथे ‘रा’ बारीक राहतो.

सूरह फज्रच्या चौथ्या आयतीअखेरचा ‘यस्र’ थांबताना पुर आणि बारीक दोन्ही तऱ्हांनी वाचला जातो. तिथे आपल्या उस्तादांची पद्धत विचारून तीच धरावी.

तुझा मामा