निऱ्या बघा, चेहरा नको

प्रश्न : ऑनलाइन एक पैठणी आवडली, पण फोटोतली मॉडेल खरी वाटत नाही. कसं ओळखावं?

उत्तर : फोटो मोठा करून आधी निऱ्या पाहा, चेहरा हल्ली बेमालूम जमतो. खऱ्या साडीत घडीवर आलेली बुट्टी अर्धी आत दडते. बनावट फोटोत ती बहुतेक निऱ्यांवर अख्खी दिसते, नाहीतर घडीपाशी विरघळते. काठाची रुंदीही मध्येच बदलते. मग खांद्यावरचे केस बघा. एखादी बट पदरात शिरून जरीची रेघ झाली असेल, तर फोटो बहुधा संगणकाने रचलेला. नुसत्या धूसरपणावर जाऊ नका, लहान केलेला खरा फोटोही तसाच दिसतो. शिवाय मॉडेल बनावट असली तरी साडी खरी असू शकते. म्हणून विक्रेत्याकडून उलगडलेल्या पदराचे दोन्ही बाजूंचे साधे फोटो मागवा. ते मिळेनात, तर पैसे भरू नका.