बकरी ईदचा बाजार, मोबाईलचे रील आणि कुर्बानीची अदब

बकरी ईदला महिना-दीड महिना उरला की आपल्या धाराशिव जिल्ह्यातील बोकडांचा बाजार मोबाईलवर भरू लागतो. जिल्ह्याचे नाव 2023 मध्ये बदलले, शेळी मात्र उस्मानाबादीच राहिली, आणि त्या नावावर दूरचे गिऱ्हाईकही चौकशी करते. म्हणून आपले शेळीपालक आणि व्यापारी बांधव बोकडाचे रील काढतात, व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला ठेवतात. यात वाईट काही नाही. अडचण येते ती त्या चित्राला जोडलेल्या आवाजाची.

त्या-त्या दिवसांत एखादा आवाज सगळीकडे फिरत असतो. कधी सिनेमातला निरोपाचा संवाद, कधी रडका सूर, कधी बोकड माणसाच्या आवाजात 'मला वाचवा' म्हणतो असा विनोद. चालत्या आवाजावर केलेले रील जास्त लोकांपर्यंत पोहोचते, हे खरे. पण असे रील पाहणारा कशाला हसतो, हे व्यापाऱ्याने आधी ठरवावे. बोकड उड्या मारतो, मालकाची टोपी पळवतो, त्याला हसू आले तर ते जनावराच्या खोडीला आलेले हसू आहे. कुर्बानीचे जनावर रडते, मालक खोटे डोळे पुसतो आणि खाली भाव लिहिलेला असतो, तेव्हा हसे होते ते इबादतीचे. कुर्बानी नियतीवर उभी आहे, तिचा तमाशा आपणच मांडला तर परक्याने केलेल्या थट्टेबद्दल तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

याच्या उलट चूकही होते, आणि ती करणारा भला माणूस असतो. तो विनोद टाळतो आणि पाठीमागे तकबीर, तिलावत किंवा अजान लावतो. पडद्यावर काटा, वजन, किलोचा दर आणि मागे तकबीर! जी तकबीर जिलहिज्जाच्या 9 तारखेच्या फजरपासून 13 तारखेच्या असरपर्यंत फर्ज नमाजांनंतर म्हटली जाते, ती इथे जाहिरातीची धून होते. शिवाय पाहणारा बोट सरकवतो आणि आयत अर्ध्यात तुटते. आमच्या मते विक्रीच्या चित्राखाली कलाम किंवा अजान लावूच नये. गोठ्यातला आवाज, घुंगराचा नाद, व्यापाऱ्याचे स्वतःचे बोलणे पुरेसे आहे.

चालता आवाज घ्यायचाच असेल तर तो आधी पूर्ण ऐकावा. इन्स्टाग्रामवर रीलच्या तळाशी आवाजाचे नाव असते. त्यावर बोट ठेवले की तोच आवाज वापरलेली इतर रील दिसतात. त्यांतली दहा-बारा पाहावीत. आपण घेतलेले आठ-दहा सेकंद निरुपद्रवी असतात, पण उरलेल्या भागात शिवी, घोषणा किंवा कुणाच्या देवाची टवाळी निघू शकते. तोच आवाज इतरांनी एखाद्या समाजाला डिवचण्यासाठी वापरला असेल, तर आपला बोकडही त्याच रांगेत जाऊन बसतो. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. धंद्याच्या खात्याला सिनेमाची बरीचशी गाणी वापरता येत नाहीत, कारण जाहिरातीसाठी गाण्याच्या मालकाची परवानगी लागते. तक्रार झाली तर रीलचा आवाज बंद होतो किंवा रीलच काढले जाते, आणि ते नेमके ईदच्या आठवड्यात झाले तर नुकसान आपले.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, तुळजापूर तालुक्यातील एका व्यापाऱ्याकडे आठ बोकड आहेत आणि सध्या झटपट बदलणाऱ्या चित्रांचा ठेका चालतो आहे. त्याने ठेक्याची चाल घ्यावी, आशय आपला भरावा. पहिल्या चित्रात बोकडाचा खालचा ओठ उघडून दात दाखवावेत. शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, म्हणून खालचेच पाहायचे. दुधाच्या बारीक दातांमध्ये दोन मोठे रुंद दात आलेले दिसले की बोकड 'दोन दाती' झाला. हे साधारण बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान होते, आणि कुर्बानीच्या बकऱ्याला वर्ष पूर्ण लागते. दुसऱ्या चित्रात बोकड सरळ चालत यावा, म्हणजे लंगडा नाही हे कळते. मग दोन्ही डोळे जवळून. आंधळेपण, लंगडेपण, उघड आजार आणि अगदी हाडकुळी अवस्था, हे दोष कुर्बानीला चालत नाहीत, आणि लांबच्या गिऱ्हाइकाला नेमके हेच पाहायचे असते. शेवटी काटा: वजन 32 किलो, दर समजा 500 रुपये, म्हणजे 16 हजार. वजन सकाळी, चारा-पाण्याआधी करावे आणि तसे सांगावे, कारण पाणी पाजून काट्यावर चढवण्याची युक्ती सगळ्यांनाच ठाऊक आहे. उस्मानाबादी बोकड बहुधा काळा असतो. दुपारच्या उन्हात त्याचा नुसता काळा डाग दिसतो, म्हणून चित्रण सकाळी, सूर्य आपल्या पाठीशी ठेवून करावे. अशा तीस सेकंदांत गंमत आहे, माहिती आहे, आणि इबादतीला कुठे धक्का नाही.

अंगावर चंद्रकोर किंवा पवित्र नाव उमटले आहे असे सांगून लाखांचा भाव मागणारी चित्रेही दरवर्षी फिरतात. कुर्बानीच्या शर्तींत अशा ठिपक्यांना काही स्थान नाही. रंगाने काही लिहिणे तर त्याहून घातक. जून 2024 मध्ये, ईदच्या एक-दोन दिवस आधी, नवी मुंबईतील बेलापूर येथे एका मटण दुकानातील पांढऱ्या बकऱ्यावर 'राम' असे लिहिलेले दिसले. त्याचे चित्रण पसरले, धार्मिक भावना दुखावल्याचा गुन्हा दाखल झाला, अटक झाली आणि दुकान बंद केले गेले. वर्षातला सर्वांत मोठा हंगाम समोर असताना कुलूप लागले. आपल्या जिल्ह्यात ईदसाठी बोकड नेणारे गिऱ्हाईक आणि जत्रेच्या नवसासाठी नेणारे गिऱ्हाईक एकाच बाजारात उभे असते. दोघांच्याही श्रद्धेला हात लागता कामा नये.

स्टेटस 24 तासांनी जाते म्हणून कुणी निर्धास्त राहू नये. जून 2023 मध्ये कोल्हापुरात टिपू सुलतानाच्या चित्रासोबत आक्षेपार्ह आवाज जोडलेले स्टेटस काही जणांनी ठेवले. 7 जूनला बंद, मोर्चा, दगडफेक झाली आणि इंटरनेट थांबवावे लागले. स्टेटस ठेवणारे मोजके होते, दुकाने मात्र साऱ्या शहराची बंद राहिली.

कायदा हेतू पाहतो. पूर्वीचे कलम 295-अ 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 299 झाले आहे. त्यात जाणूनबुजून, दुष्ट हेतूने केलेल्या अवमानाला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. क्रिकेटपटू धोनीला एका व्यापारी मासिकाने 2013 मध्ये मुखपृष्ठावर विष्णूच्या रूपात, हातात वस्तू देऊन दाखवले होते. असा हेतू नव्हता म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण रद्द केले, पण 2017 मध्ये. धोनीला चार वर्षे वकील पुरवता आले, बोकडाच्या व्यापाऱ्याचे काय?

राहिला प्रश्न आपल्या कुर्बानीवर दुसऱ्याने केलेल्या थट्टेचा. 'बघा कसे हसतात' म्हणून ती गटात पुढे पाठवणारा तिचा फुकट हमाल होतो. तिची नोंद ठेवून तक्रार करावी आणि ती तिथेच थांबवावी. दुकानाच्या खात्यावरून तर उत्तर देऊच नये. आपल्या रीलखाली टोमणे येऊ लागले तर अभिप्रायाची सोय बंद ठेवता येते. आपल्या चित्रावर दुसऱ्याने आवाज चढवू नये म्हणून रिमिक्सची परवानगीही काढून टाकता येते. ही दोन्ही बटणे रील टाकण्यापूर्वीच पाहून घ्यावीत, आणि बोकड विकला गेला की त्याचे रील त्याच दिवशी उतरवावे.