प्रवाळांचे विरंजन : एक नमुना दीर्घोत्तर



आपल्या शाळांच्या सहली गगनबावड्याचा घाट उतरून मालवणला सिंधुदुर्ग किल्ला पाहण्यास जातात. त्या किल्ल्याभोवतीच्या उथळ पाण्यात प्रवाळ आहेत. तो परिसर सन 1987 पासून सागरी अभयारण्य म्हणून राखीव आहे. प्रवाळांवरील प्रश्नाच्या उत्तरात ‘पांढरे पडलेले प्रवाळ म्हणजे मेलेले प्रवाळ’ असे वाक्य वारंवार आढळते. हे विधान चुकीचे आहे. ते कसे चूक आहे, हे पुढील नमुना उत्तरावरून स्पष्ट व्हावे.

प्रश्न : प्रवाळांचे विरंजन म्हणजे काय ? त्याची कारणे, तापमानाची मर्यादा व पुनरुज्जीवन यांविषयी मालवणचे उदाहरण घेऊन सविस्तर लिहा. (गुण 10)

उत्तर :

(1) स्वरूप. प्रवाळ हा वनस्पती नसून प्राणी आहे. लहान लहान जीवांची वसाहत चुन्याचा सांगाडा तयार करते. या जीवांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते व त्याचा मोठा वाटा प्रवाळास देते. प्रवाळाचा तपकिरी वा हिरवट रंग बहुधा या शैवालाचाच असतो. शैवाल निघून गेले म्हणजे पारदर्शक कातडीतून पांढरा सांगाडा दिसू लागतो. यासच विरंजन म्हणतात. अशा स्थितीत प्रवाळ जिवंत असतो, परंतु उपाशी असतो.

(2) कारणे. मुख्य कारण उष्णता होय. पाणी फार तापले आणि ऊनही प्रखर असले, तर शैवालाची अन्ननिर्मिती बिघडते व प्राणवायूची घातक रूपे तयार होऊ लागतात. तेव्हा प्रवाळ त्या शैवालास बाहेर टाकतो. पावसाळ्यात नद्यांच्या पुराने पाण्याचा खारेपणा एकाएकी घटला किंवा गाळ साचला, तरीही विरंजन होऊ शकते. मालवणच्या प्रवाळांचे विरंजन 2014 साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नोंदविले.

(3) तापमानाची मर्यादा. सर्व समुद्रांस लागू पडेल असा एकच अंश नाही. त्या ठिकाणच्या सर्वांत उष्ण महिन्याची नेहमीची सरासरी घ्यावयाची व तीत 1 अंश सेल्सिअस मिळवावयाचा. तेथून धोका सुरू होतो. मात्र एका दिवसाच्या तापाने सहसा विरंजन होत नाही. ताप किती आठवडे टिकला, हेही मोजावे लागते. यासाठी अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेने अंश-सप्ताहाचे माप ठरविले आहे. मागील बारा आठवड्यांत सरासरीपेक्षा 1 अंश वा अधिक असलेला जादा ताप बेरजेत धरतात. त्याहून कमी असल्यास सोडून देतात.

उदाहरणार्थ, सरासरी 30 अंश आहे असे मानू. सहा आठवड्यांचे तापमान अनुक्रमे 30.6, 31, 31.5, 31.5, 32 व 32 अंश आहे. पहिला आठवडा धरावयाचा नाही. पुढील तिहींची बेरीज 1 + 1.5 + 1.5 = 4 होते. चार अंश-सप्ताहांस लक्षणीय विरंजन अपेक्षित असते. शेवटचे दोन आठवडे मिळविले की बेरीज 8 होते. तेव्हा तीव्र विरंजन होऊन प्रवाळ मरू लागण्याचा संभव असतो. चौथ्या आठवड्यानंतरच मोसमी ढग येऊन पाणी निवले असते, तर बेरीज 4 वरच थांबली असती. म्हणून कोकणात पाऊस लांबणे प्रवाळांस धोक्याचे ठरते. मात्र उपग्रह केवळ पृष्ठभागाचे तापमान सांगतो. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात प्रत्यक्ष ताप निराळा असू शकतो.

(4) पुनरुज्जीवन. पाणी वेळीच थंड झाले तर उरलेले शैवाल पुन्हा वाढते आणि काही आठवड्यांत वा महिन्यांत रंग परततो. फांद्यांचे नाजूक प्रवाळ सहसा आधी मरतात. गोट्यासारखे घट्ट ‘पोराइटीस’ जातीचे प्रवाळ अधिक तग धरतात. परंतु हे घट्ट प्रवाळ वर्षास सुमारे 1 सेंटिमीटरच वाढतात. त्यामुळे पुष्कळ प्रवाळ मेले तर प्रवाळभित्ती सावरण्यास दहा वर्षे वा त्याहूनही अधिक काळ लागू शकतो. लक्षद्वीपास 1998, 2010 व 2016 या वर्षी विरंजनाचे मोठे आघात बसले. पहिल्या दोहोंत बारा वर्षांचे अंतर होते, पुढील दोहोंत अवघे सहा. सावरण्यापूर्वीच पुढचा आघात येणे, हेच खरे संकट होय.

परीक्षकांस सूचना : स्वरूपास 2, कारणांस 2, मर्यादा व गणितास 3 आणि पुनरुज्जीवनास 3 गुण द्यावेत. ‘विरंजित’ व ‘मृत’ यांतील भेद विद्यार्थ्याने लिहिला आहे काय, हे अवश्य पाहावे. विरंजित प्रवाळ स्वच्छ पांढरा असून त्यावर जिवंत कातडीचा पातळ थर असतो. मृत सांगाड्यावर थोड्याच दिवसांत हिरवट-करडे शेवाळ चढते. म्हणजे नंतर आलेला प्रत्येक रंग पुनरुज्जीवनाचा नसतो, हेही वर्गात सांगावे.