वाचकांचे प्रश्न : केबल ठेकेदाराने तोडली, भरपाई कोणाकडे मागायची?

प्रश्न : मी चंद्रपूरच्या तुकूम भागात राहतो. घराच्या पुढच्या खोलीत ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं छोटं दुकान आहे, त्यावरच घर चालतं. गेल्या महिन्यात सोमवारी साडेअकराच्या सुमारास पाण्याची पाइपलाइन टाकणाऱ्या ठेकेदाराच्या जेसीबीने आमच्या गल्लीच्या तोंडाशी फायबरची केबल तोडली आणि अख्ख्या वस्तीचं इंटरनेट गेलं. मी लगेच लाइनमनला फोन केला. कंपनीच्या क्रमांकावर तक्रार मात्र मंगळवारी सकाळी दहाला नोंदवली. मंगळवारी दुपारी दोन पोरं मशीन घेऊन आली, पाहून गेली. बुधवारी ठेकेदाराने तो खड्डाच बुजवून टाकला. गुरुवारी परत खोदलं, शुक्रवारी बऱ्याच घरांत नेट आलं. आमचं शनिवारी संध्याकाळी सहाला सुरू झालं. कंपनी म्हणते, केबल आम्ही तोडली नाही, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणतो, तुमचा माझा संबंध काय? माझा प्लॅन महिन्याला 600 रुपये अधिक जीएसटी असा आहे. पैसे परत मिळतील का? दुकानाच्या नुकसानीचं काय?

उत्तर : पैसे मिळायला हवेत, आणि ते कंपनीकडूनच. तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत : केबल तुटली ही एक, आणि ती जोडायला शनिवार उजाडला ही दुसरी. पहिल्या गोष्टीला ठेकेदार जबाबदार आहे. दुसरीचा जाब कंपनीलाच द्यावा लागेल. कंपनी तुमच्याशी बोलताना ही दुसरी गोष्ट पहिलीच्या आड लपवते आहे. म्हणून आधी केबल जोडायला खरोखर किती वेळ लागतो ते पाहू.

केबल तुटल्यावर जोडणारी माणसं ओटीडीआर नावाचं यंत्र लावतात. ते काचेच्या तंतूत प्रकाशाचा ठोका सोडतं आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून तंतू किती मीटरवर तुटला आहे ते सांगतं. हे अंतर केबलच्या लांबीचं असतं, रस्त्याचं नव्हे. खड्ड्याखड्ड्यांत केबलची जादा वेटोळी ठेवलेली असतात, त्यामुळे आकडा दिसला तरी जागा थोडी शोधावी लागते. तुमच्याकडे तोही प्रश्न नव्हता, जेसीबी साऱ्या गल्लीने पाहिला होता.

खरं काम पुढे असतं. कुदळीचा घाव बसला तर केबल जागच्या जागी तुटते, पण जेसीबीचं बकेट तिला ओढतं. वरून एकच तुकडा पडलेला दिसतो, तरी आतले तंतू दोन्ही बाजूंना काही मीटरपर्यंत चिरडलेले असू शकतात. म्हणून तुटलेली दोन टोकं एकमेकांना जोडून भागत नाही. खराब भाग कापून काढायचा, मध्ये नव्या केबलचा तुकडा घालायचा आणि त्याच्या दोन्ही टोकांना एकेक जोड द्यायचा. केबल 24 तंतूंची असेल, तर दोन्ही जोड मिळून 48 सांधे होतात. प्रत्येक तंतू सोलायचा, स्पिरिटने पुसायचा, काटकोनात कापायचा, स्प्लायसिंग मशीनमध्ये वितळवून जोडायचा आणि वर संरक्षक नळी तापवून बसवायची. एका सांध्याला पाच मिनिटं धरली तरी 48 सांध्यांना चार तास जातात. खोदणं, खड्ड्यातलं पाणी उपसणं, तपासणी आणि जोडाचा डबा बंद करणं धरलं, तर शहरातल्या अशा एका कामाला माझ्या अंदाजाने एक पूर्ण दिवस पुरतो. खड्डा बुजवल्याने गेलेला बुधवार कंपनीला माफ करायचा म्हटलं तरी शनिवार लागत नाही. माणसं मंगळवारी येऊन नुसती पाहून गेली आणि बुधवारी खड्ड्यापाशी कोणी उभं नव्हतं. तुमच्या तक्रारीचा कणा इथे आहे.

शेजाऱ्यांकडे शुक्रवारी नेट आलं आणि तुमच्याकडे नाही, हेही बारकाईने पाहण्यासारखं आहे. केबलमधले तंतू निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी अशा ठरलेल्या रंगक्रमाने ओळखतात. घाईत निळ्याला निळा न जोडता दुसराच जोडला गेला, किंवा डब्यात तंतू जास्त वाकला, तर काही घरं अंधारातच राहतात. ओळखायची खूण तुमच्या भिंतीवरच्या डब्यावर असते. LOS ही बत्ती लाल लुकलुकत असेल, तर तुमच्यापर्यंत प्रकाशच येत नाही, म्हणजे तार तुटली आहे किंवा चुकीची जोडली आहे. PON हिरवी स्थिर असूनही नेट नसेल, तर तुमच्या घरापर्यंतची तार ठीक आहे, दोष पुढे कुठेतरी आहे. शुक्रवारनंतरही तुमची LOS लाल होती याचा फोटो असेल, तर जपून ठेवा. तो दिवस ठेकेदाराच्या खात्यावर टाकताच येणार नाही.

आता पैशांकडे येऊ. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, सेवेच्या दर्जाबाबतचे नवे नियम 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू आहेत. तारेच्या जोडणीतला बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही, तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सवलत द्यावी लागते. ब्रॉडबँडच्या आधीच्या, 2006 च्या नियमांतही तीन दिवस उलटून सात दिवसांच्या आत दुरुस्ती झाली तर सात दिवसांचं भाडं अशी पायरी होती. तुम्हीही मागणी सात दिवसांचीच करा. हिशेब साधा आहे : 600 रुपयांना 30 ने भागून सातने गुणलं की 140 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 25 रुपये 20 पैसे, एकूण 165 रुपये 20 पैसे. प्रीपेड असाल, तर तितक्या दिवसांची मुदतवाढ मागा.

मात्र दिवस तक्रार क्रमांक मिळाल्यापासून मोजले जातात. लाइनमनला केलेला सोमवारचा फोन या हिशेबात दाखवता येत नाही. तुमची नोंद मंगळवारी दहाची, सेवा शनिवारी सहाला आली, म्हणजे चार दिवस आठ तास. तुम्ही थोडक्यात वाचलात. हीच नोंद बुधवारी संध्याकाळी सातला केली असती, तर शनिवारी सहाला तीन दिवस पुरे व्हायला एक तास उरला असता आणि सवलतीचा हक्क गेला असता. वस्तीत सगळ्यांचंच नेट गेलं की ‘कोणीतरी तक्रार केली असेलच’ असं म्हणून आपण बसून राहतो. सवलत ज्याच्या नावावर तक्रार क्रमांक आहे त्यालाच मागता येते, म्हणून प्रत्येक घराने आपापली नोंद करायला हवी.

ठेकेदाराचं म्हणणं कायद्याच्या अंगाने अगदीच चूक नाही, पण तो सुटलेलाही नाही. दूरसंचार यंत्रणेच्या सुरक्षिततेचे नियम जानेवारी 2023 मध्ये अधिसूचित झाले. खोदणाऱ्याने काम सुरू करण्याआधी पोर्टलवरून तिथल्या केबलमालकांना कळवायचं आणि न कळवता नुकसान केलं तर भरपाई द्यायची, असं ते सांगतात. त्यासाठीच 22 मार्च 2023 रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू झालं. बेबंद खोदाईमुळे देशात दरवर्षी सुमारे 3,000 कोटी रुपयांचं नुकसान होतं, असं सरकारने तेव्हा सांगितलं होतं. पण ही भरपाई केबलच्या मालकाला मिळते, तुम्हाला नाही. कंपनीने ती ठेकेदाराकडून जरूर वसूल करावी. त्या वसुलीसाठी तुम्ही थांबायचं कारण नाही, कारण दरमहा पैसे तुम्ही कंपनीला देता. ज्या कार्यालयाने खोदाईची परवानगी दिली, तिथे 10 रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज करा : परवानगीच्या अटी काय होत्या आणि केबलमालकांना आधी कळवल्याची नोंद आहे का. कळवलं असूनही कंपनीने जागा दाखवली नसेल, तर तिचं ‘आम्ही तोडली नाही’ हे उत्तरही लंगडं पडतं.

दुकानाचं नुकसान सवलतीच्या नियमात येत नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुम्ही स्वतः राबून पोट भरण्यासाठी दुकान चालवता, त्यामुळे ‘व्यावसायिक वापर’ म्हणून तुम्हाला ग्राहक या व्याख्येतून वगळता येणार नाही. दिवसाला सरासरी 800 रुपये सुटत असतील, तर सगळ्या दिवसांचे मागू नका. मंगळवार हा दुरुस्तीचा वाजवी दिवस म्हणून सोडा आणि बुधवार ते शनिवार या चार दिवसांचे 3,200 रुपये मागा. मोबाइलवरून काम भागवण्यासाठी जादा रिचार्ज केला असेल, तर त्याची पावती जोडा. मागच्या दोन-तीन महिन्यांची दुकानाची वही हाच तुमचा पुरावा. वही नसेल, तर ही मागणी टिकणं कठीण आहे, हे स्पष्टच सांगतो.

क्रम असा ठेवा. तक्रार क्रमांक देऊन सवलतीची लेखी मागणी करा. उत्तर पटलं नाही, तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे 30 दिवसांत अपील करा. त्याला शुल्क नाही आणि त्याने 39 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे अर्ज पाठवून वेळ घालवू नका. अपिलानेही भागलं नाही, तर चंद्रपूरच्या आयोगात जा. कंपनीचं कार्यालय मुंबईत असलं तरी तुम्ही राहता तिथे तक्रार चालते, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. दूरसंचार सेवेचं प्रकरण ग्राहक आयोगात चालत नाही, असं कंपनीच्या वकिलाने म्हटलं, तर सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा 16 फेब्रुवारी 2022 रोजी ग्राहकांच्या बाजूने निकाली काढला आहे.

प्रश्न : आम्ही गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीजवळ राहतो. रस्त्याच्या कामात केबल महिन्यातून चार-चार वेळा तुटते. प्रत्येक वेळी दीड-दोन दिवसांत नेट येतं, त्यामुळे तीन दिवस कधी भरतच नाहीत. आम्हाला काहीच मिळणार नाही का?

उत्तर : सवलतीच्या नियमाची ही उणीव खरी आहे. तो एकेका बिघाडाचे दिवस मोजतो, महिनाभराचे एकत्र मोजत नाही.

शहरात केबल दोन वाटांनी फिरवलेली असली, तर एक वाट तुटल्यावर दुसरीने काम चालतं. जंगलातून जाणाऱ्या रस्त्याकडेला बहुधा एकच वाट असते, आणि ती कित्येक किलोमीटर अलीकडे तुटली तरी पुढची सगळी गावं बंद पडतात. त्यातच घाईची दुरुस्ती म्हणून केबल जमिनीत न पुरता उघडी सोडतात किंवा झाडांवरून ओढून नेतात. पुढच्या वेळी ती तिथेच तुटते. असा लोंबणारा तुकडा दिसला, तर तारखेसह फोटो काढा.

प्रत्येक वेळी वेगळा तक्रार क्रमांक घ्या. चार वेळा मिळून महिन्यातले सात दिवस सेवा नव्हती, हे चार क्रमांकांनी दाखवता आलं, तर ती सेवेतली त्रुटी म्हणून गडचिरोलीच्या जिल्हा आयोगापुढे मांडता येते. एकाच कारणाने त्रासलेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात, आणि तुमच्या बाबतीत तेच करावं असं मला वाटतं. तक्रारीत भाड्यासोबत केबल ठरलेल्या खोलीवर पुरून देण्याचा आदेशही मागा. सर्वसाधारण जमिनीत ही खोली 1.65 मीटर धरली जाते. खडक लागला तर कमी खोलीवर लोखंडी नळीतून किंवा काँक्रीटखालून केबल नेतात. तुमच्याकडे ती कशी टाकली आहे, हे उघड्या खड्ड्यात टेप धरून मोजता येईल. खड्डा बुजवण्याआधी तेवढा एक फोटो घ्या.